पत्र्याचा पडदा आणि सरकीचं पोतं

"अरे, पडद्याच्या जागी पत्रा ठोकलास का काय?"

वसमत रोडला बांधकाम चालू असलेल्या बंगल्याच्या हॉलचं चित्र मी लॅपटॉपवर उघडलं, आणि घरमालकीणकाकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेत हा पहिला प्रश्न विचारला. चित्र काढायला मला तीन दिवस लागले होते. शेवटच्या रात्री संगणक आठ तास चालला, त्यात दोनदा लाइट गेली आणि पहाटे खोलीत एवढी ऊब झाली होती की कोंबडीनं अंडी घातली असती तर दुपारपर्यंत पिल्लं निघाली असती. एवढं करून पत्रा!

मी परभणीत 'थ्रीडी' काढून देतो. घर व्हायच्या आधी ते कसं दिसेल याचं चित्र. आमच्या धंद्यात याला रेंडर म्हणतात, पण गिऱ्हाईक म्हणतं, "एक हॉलचं थ्रीडी काढून द्या," जसं "एक पासपोर्ट फोटो काढून द्या." फरशी, काच, सनमायका, फॉल सीलिंग या सगळ्या गोष्टी मला झोपेत जमतात. त्या सरळ असतात, चकचकीत असतात आणि ठेवल्या तिथे राहतात. भांडण आहे ते कापडाशी. त्यात हा कापसाचा जिल्हा. सेलू-मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या बघत वाढलेली, शेतात वेचणी केलेली, पिंजाऱ्याकडून गादी भरून घेताना "रुई जुनी टाकू नका" म्हणून समोर बसून राहिलेली माणसं माझं गिऱ्हाईक. त्यांना मी संगणकावरचं कापड दाखवायचं. म्हणजे गंगाखेडच्या माणसाला गोदावरी समजावून सांगायची.

काकूंचे यजमान निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही एकमेकांना 'सर' म्हणतो. ते चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, "सर, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे खरं आहे. पण म्हणून पडदा जर्मनचा करायचा का?"

ज्यांच्या घरी अजून जर्मनची पातेली आहेत त्यांना हा विनोद कळेल. मला त्या क्षणी हसू आलं नाही.

घरी येऊन मी पडदा नीट पाहिला आणि काकू शब्दशः बरोबर होत्या. मी केलं होतं काय, तर एक नागमोडी रेघ काढली, प्रत्येक नागमोड सारखी, आणि ती सरळ सात फूट वर ओढली. पन्हाळी पत्रा नेमका असाच असतो. वरच्या रिंगेपाशी जी चुणी, तीच मध्ये, तीच खाली. खरा पडदा असा कधीच पडत नाही. वर रिंगा त्याला शिस्तीत उभं करतात, शाळेच्या प्रार्थनेला पोरांना करतात तसं. पण जसजसं खाली यावं तसतशी शिस्त मोडते. दोन चुण्या एकमेकींत मिसळतात, एखादी फुलून बाहेर येते, कडेची चुणी भिंतीकडे तोंड फिरवते. तळाला दुमड असते, ती दुहेरी कापडाची म्हणून जड आणि ताठ, त्यामुळे खालची कड लाटेसारखी हलकेच वळते पण चुरगळत नाही.

हे मला कुणी शिकवलं, तर कच्छी बाजारातल्या पडदे शिवणाऱ्या एका मास्तरांनी. मी त्यांच्याकडे गेलो तो माप विचारायला. ते म्हणाले, "खिडकी केवढी?" मी म्हणालो, सहा फूट. "दांडी?" दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, म्हणजे सात फूट. "पडदे किती दाखवले?" दोन. चार-चार फुटांचे.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "सात फुटांच्या दांडीला आठ फूट कापड? त्याला चुणी कुठून पडणार? चादर वाळत घातल्यासारखं दिसंल ते."

हिशेब साधा आहे आणि तो मी कुठल्याही संगणकाच्या शिकवणीत ऐकला नव्हता. दांडीच्या दुप्पट तरी कापड पाहिजे. सात फुटांना चौदा. कापडाचा पन्हा चार फूट, म्हणून साडेतीन पडदे, आणि साडेतीन पडदे कोणी शिवत नाही, म्हणून चार. सोळा फूट कापड. चार फुटांच्या पडद्याला आठ रिंगा, चार पडद्यांना बत्तीस. एक रिंग पुढे, एक मागे, म्हणजे दोन रिंगांत एक चुणी, सोळा चुण्या. चौऱ्याऐंशी इंचांत सोळा, म्हणजे सव्वापाच इंचाला एक. झिरझिरीत कापड असेल तर मास्तर अडीच पट घेतात, कारण पातळ कापडाला अंग नसतं, ते चुणीनंच भरावं लागतं. माझ्या चित्रात कापड कमी आणि चुण्या मात्र भरपूर होत्या. आठ फूट कापडातून मी सोळा फुटांच्या चुण्या काढल्या होत्या. हा चमत्कार संगणकात होतो, शिवणयंत्रावर होत नाही, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला ते खुपतं.

मग मी नागमोडी रेघेचा नाद सोडला आणि पडदा शिवायला बसलो. ब्लेंडर नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे (फुकट या शब्दाचं महत्त्व परभणीत सांगायला नको). त्यात कापडाचं खोटं शास्त्र आहे, `Cloth` नावाचं. एक सपाट चौकोन घ्यायचा, चार फूट बाय सात फूट, त्यात बारीक चौकटींची जाळी पाडायची. वरची कड `Pin Group` मध्ये टाकायची, म्हणजे ती दांडीला टांगली गेली. मग ती वरची कड हळूहळू, साठएक फ्रेममध्ये, निम्म्या रुंदीत गोळा करायची, पुढे-मागे पुढे-मागे, रिंगा सरकवाव्यात तशी. बाकीचं कापड आपोआप खाली लोंबतं, हेलकावे घेतं, स्वतःलाच टेकतं आणि पुढच्या पन्नास-साठ फ्रेममध्ये शांत होतं. `Self Collisions` चालू करायला विसरलात तर मात्र एक चुणी दुसरीच्या आरपार जाते. मी अर्थातच विसरलो होतो.

त्याहून मोठी चूक मापाची. घराचा नकाशा इंचात होता आणि ब्लेंडरनं तो मीटर समजून घेतला. सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच, म्हणजे माझा पडदा झाला चौऱ्याऐंशी मीटर उंच. कुतुबमिनार त्र्याहत्तर मीटर आहे. आणि शास्त्र खोटं असलं तरी प्रामाणिक असतं. एवढा मोठा पडदा पडायला लागतो तेव्हा तो सावकाश, डुलत डुलत, ढगासारखा पडतो आणि त्याच्या अंगावर शेकडो बारीक सुरकुत्या येतात, कारण एवढ्या आकाराला तेवढंसं कापड म्हणजे कांद्याचा पापुद्राच. मी दोन दिवस कापडाचा कडकपणा वाढवत बसलो. दोष कापडात नव्हताच. तेव्हापासून पडदा टांगायच्या आधी मी शेजारी एक माणूस उभा करतो. तो दिसला नाही, तर मी कुतुबमिनारला पडदा लावतोय असं समजतो.

तरीही काहीतरी कमी होतं. ते काकूंनीच सांगितलं, न सांगता. नवं चित्र बघून त्या उठल्या तेव्हा निऱ्या सारख्या करण्यासाठी त्यांनी बोटानं एकेक निरी चिमटीत धरून खाली हात फिरवला. निरीचं टोक वर खोचलेलं, म्हणून तिथे घडी धारदार. खाली येता येता ती गोल होते. पावलापाशी फॉल लावलेला, म्हणून तिथे पुन्हा नीट उभी. पडद्याची दुमड म्हणजे साडीचा फॉलच की! मी घरी जाऊन पडद्याच्या तळच्या चार इंचांना वाकण्याचा कडकपणा जास्त दिला. `Property Weights` मध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. पडदा एकदम शहाण्यासारखा उभा राहिला. त्या दिवसापासून मी लग्नात जेवणापेक्षा साड्यांच्या निऱ्या जास्त बघतो आणि त्याबद्दल घरी बोलणीही खातो.

जाड पडदा पास झाला. आता त्याच्या मागचा झिरझिरीत पडदा. काकू त्याला 'जाळीचा' म्हणतात, मास्तर 'शिअर' म्हणतात.

पहिल्यांदा मी त्याला काच लावली. म्हणजे पडद्याला काचेचा गुण दिला, कारण मला वाटलं आरपार दिसतं ते काचेसारखंच. काच उजेड वाकवते. खिडकीबाहेरचा लिंब पडद्याच्या चुणीचुणीत उलटा-सुलटा, पाण्याच्या तांब्यातून दिसावा तसा दिसायला लागला. काकू म्हणाल्या, "हे काहून वितळायलंय?" दुसऱ्यांदा मी पडदा सरसकट चाळीस टक्के पारदर्शक केला. तेव्हा तो पडदा राहिलाच नाही, डिसेंबरातलं येलदरी धरणावरचं धुकं झालं. सगळीकडे सारखा पांढुरका, चुणी कुठे आणि सपाट कुठे ते कळेना.

शेवटी मी काकूंच्या जुन्या घरातला खरा जाळीचा पडदा मागून आणला, खिडकीला लावला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. घरच्यांना वाटलं मुलगा ध्यानाला लागला.

हा पडदा उजेडाचे तीन वाटे करतो. एक वाटा दोऱ्यांच्या मधल्या भोकांतून सरळ आत येतो, त्यातून आपल्याला बाहेरचं दिसतं. दुसरा वाटा दोऱ्यात शिरतो, आत विखुरतो आणि आपल्या बाजूनं बाहेर पडतो, त्यामुळे पडदा स्वतःच उजळल्यासारखा दिसतो. तिसरा वाटा खोलीतला उजेड, तो दोऱ्यावर आपटून परत येतो. दुसऱ्या वाट्याला संगणकात `Translucent BSDF` म्हणतात. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी 1940 च्या दशकात दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं जे प्रसिद्ध जलरंगचित्र काढलं, आता म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते, त्यात ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो. तोच हा वाटा. त्यांच्याकडे `BSDF` नव्हतं, दिवा होता आणि समोर उभी राहिलेली मुलगी.

मी चाळीस टक्के भोकं धरली, उरलेल्या साठातले निम्मे झिरपणारे, निम्मे परतणारे. पण खरी गंमत पुढे आहे. पडद्याकडे समोरून पाहिलं तर भोकं दिसतात. तोच पडदा चुणीच्या वळणावर आपल्याला कडेनं दिसतो, तिथे दोरे एकामागे एक येतात आणि भोकं मिटतात. बांबूच्या चिकाचंही असंच होतं, समोरून फटी, तिरकं पाहिलं की भिंत. म्हणून प्रत्येक चुणीच्या दोन्ही कडांना एक पांढरी, दाट रेघ उमटते. पडदा आपली चुणी स्वतःच रेखाटून दाखवतो. सरसकट चाळीस टक्के केलं की ही रेघ जाते आणि उरतं धुकं. संगणकात `Layer Weight` नावाची एक डबी आहे, ती पृष्ठभाग आपल्याकडे किती तिरका आहे ते सांगते. तिच्या हाती पारदर्शकपणाची दोरी दिली आणि धुकं विरलं.

दुसरं म्हणजे थर. एका थरातून चाळीस टक्के दिसतं, तर एकामागे दोन थर आले की चाळीसाचे चाळीस, म्हणजे सोळा. तीन थर आले की साडेसहासुद्धा नाही. आपल्या खिडक्यांना ग्रील असतं, चोरासाठी आणि मांजरासाठी. त्या ग्रीलकडे बघा. पडदा एकेरी आहे तिथे ग्रीलची नक्षी स्वच्छ दिसते. चुणी दुमडते तिथे ती फिकट होते आणि घडी दाटली की हरवते. कुठलंही थ्रीडी खरं का खोटं हे मी आता याच जागी बघतो. ग्रील पडद्यामागे सगळीकडे सारखं दिसलं, की समजायचं, काढणाऱ्यानं खिडकीपुढे स्टूल टाकलेलं नाही.

एवढं केल्यावर चित्रात पडद्याच्या कडेला काळे डाग आले. काकू म्हणाल्या, "बुरशी आली." बुरशी नव्हती, हिशेब संपला होता. उजेडाचा किरण किती पारदर्शक थर ओलांडेल याला ब्लेंडरमध्ये मुळात आठची मर्यादा असते. दाट चुण्यांत तो आठ थर पार करून नवव्याला आला की संगणक म्हणतो, पुरे, काळं. मर्यादा बत्तीस केली, डाग गेले, पण चित्राला लागणारा वेळ वाढला आणि त्या रात्री लाइटही गेली.

काकूंनी मग असा प्रश्न विचारला जो मला सुचायला हवा होता. "रात्री बाहेरून आतलं दिसल का?" दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला पडदा नुसता पांढरा दिसतो. रात्री आत ट्यूब लागली की सगळं उलटं. मी रात्रीचा व्ह्यू काढला, अंगणातून. हॉल सिनेमाच्या पडद्यासारखा स्वच्छ दिसत होता, सोफ्यावर हौसेनं ठेवलेल्या पुस्तकाच्या कोपऱ्यासकट. सर म्हणाले, "म्हणजे मी बनियनवर बातम्या बघतो ते गल्लीला फुकट." जाड पडद्याचं बिल तिथल्या तिथे मंजूर झालं.

उरला सोफा. इथे मी आत्मविश्वासानं गेलो, म्हणून जास्त जोरात पडलो.

राखाडी विणीचं एक सुंदर कापड मी निवडलं, एक फुटाचा तुकडा, प्रत्येक दोरा मोजता येईल असा. चित्र बघून सर म्हणाले, "हे सरकीचं पोतं कुणी शिवलं?" आणि पुन्हा एकदा गिऱ्हाईक बरोबर होतं. एक फुटाचा तुकडा मी सात फुटांच्या सोफ्यावर ताणून बसवला होता. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा साडेतीन मिलिमीटरचा झाला. त्याला दोरा म्हणत नाहीत, सुतळी म्हणतात.

मग मी माप नीट केलं आणि दोरे दिसेनासेच झाले. मी हळहळलो. पण हिशेब मांडला तेव्हा कळलं की ते दिसायलाच नकोत. सोफ्यापाशी चित्राची रुंदी सोळा फूट, आणि चित्र 1920 ठिपके रुंद. म्हणजे एका ठिपक्यात अडीच मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचे पाच दोरे एका ठिपक्यात बसले, तर दिसणार कसे? पूर्ण हॉलच्या चित्रात ज्या सोफ्याची वीण मोजता येते, तो सोफा दोरखंडाचा असतो. हट्टानं वीण ठसठशीत ठेवली तर ठिपके आणि दोरे यांचं जमत नाही आणि सोफ्यावर पाण्यासारख्या लाटा उठतात, टीव्हीवर बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेल्या निवेदकाच्या अंगावर उठतात तशा.

मग इतक्या लांबून कापड ओळखू कशानं येतं? कडेनं. संध्याकाळी शेतात बोंड फुटलेलं असतं आणि ऊन मागून येतं, तेव्हा कापसाच्या कडेला एक उजळ रेघ असते. बारीक तंतू उजेड पकडतात. कापडाच्या अंगावरही अशी लव असते, मखमलीला जास्त, सुती कापडाला कमी. म्हणून मखमलीचा सोफा मधून गडद आणि गोलाईच्या कडेला उजळ दिसतो, रेक्झिनच्या बरोबर उलटा, जिथे चमक एका ठिकाणी ठिपक्यासारखी साचते. ब्लेंडरमध्ये या लवेला `Sheen` म्हणतात. मी ती थोडी दिली आणि पोत्याचा सोफा झाला. जास्त दिल्यावर त्याला पीठ लागल्यासारखं दिसलं, तेव्हा परत कमी केली.

बाकी काम शिवणीचं. सोफ्याचं कापड अखंड नसतं, बसायचा भाग वेगळा, हात वेगळा, पाठ वेगळी, आणि शिवणीपाशी विणीची दिशा बदलते. माझी वीण हातावरून चढून पाठीवर तशीच चालत गेली होती, जणू सोफा एका थानात बुडवून काढला होता. प्रत्येक तुकडा वेगळा कापला, मध्ये शिवण घातली, कोपऱ्यापासून दोन-तीन ताणाच्या सुरकुत्या काढल्या. आणि जिथे सर बसणार तिथे, टीव्हीच्या समोर, गादी एक इंच दाबली. त्यांनी ती जागा बोट न दाखवता ओळखली.

शेवटचं चित्र घेऊन गेलो तेव्हा चैत्र संपत आला होता आणि पारा बेचाळिसावर होता. काकूंनी चित्र मोठं करून पाहिलं. पडदा पाहिला, ग्रील पाहिलं, सोफ्याच्या कडेवरून स्क्रीनवरच हात फिरवला. "आता कसं, कापडासारखं कापड दिसायलंय." मी खुर्चीत मागे टेकलो.

"पण खिडकीत कूलर कुठंय?"

मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते.

"मार्च लागला की ह्याच खिडकीत कूलर बसतो. जाळीचा पडदा काढून ठेवू, नाहीतर ओला होतो. आणि सोफ्याला कव्हर टाक बाबा, एवढा फिका रंग, आपल्याकडची धूळ. माझ्याकडं क्रोशाची आहेत, फोटो पाठवते."

परदेशी सोफ्यांची हजारो मॉडेलं संगणकावर तयार मिळतात, वाळ्याच्या ताट्या लावलेला पत्र्याचा कूलर मात्र मिळत नाही. तो मी स्वतः घडवला. पत्र्याचं काम मला जमतंच. शिअर काढून टाकला. सोफ्यावर क्रोशाची कव्हरं घातली, लव, शिवण आणि सरांची एक इंच बैठक सगळी त्याखाली गेली. राहिला जाड पडदा. कूलरचं वारं आत यावं म्हणून काकू तो बाजूला घेऊन त्याला मधोमध एक गाठ मारतात.

ती गाठ संगणकाला येत नाही. आठ वेळा प्रयत्न केला. चार वेळा कापड स्वतःतून आरपार गेलं, तीनदा गाठ सुटली आणि एकदा पडद्याचे तुकडे हॉलभर उडाले. काय करावं विचारायला काकूंकडे गेलो, तर त्या मोबाइलवर लेकीशी बोलत होत्या. बोलता बोलताच त्या उठल्या, मोकळ्या हातानं पडदा गोळा केला, एक वेढा घेतला, टोक आत खोचलं आणि मला खुणेनं म्हणाल्या, बस, चहा टाकते.